टिनच्या पत्र्याचा डबा झाळताना तळाच्या कोपऱ्यातून गळतो. घडी चुकते की डाख?

खटपट्या_गिरगाव
ऑइल पेंटचे ब्रश धुवायला टर्पेंटाइनचा एक डबा करतोय. बाहेरून १२० लांब, ८० रुंद, ६० मिमी उंच, झाकण नको. प्लास्टिकचे डबे टर्पेंटाइनला टिकत नाहीत म्हणून पत्रा. तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा उलगडून त्याचाच पत्रा वापरला, जाडी साधारण ०.३ मिमी. एकाच तुकड्यातून क्रॉस कापून चार बाजू वर वळवल्या आणि चारही उभे कोपरे नुसते टोकाला टोक लावून झाळले. सोल्डर ६०/४० तार, आयर्न २५ वॅटचं, फ्लक्स म्हणजे तारेच्या आतलीच राळ. कोपऱ्यांवर डाखाचे गोळे बसले आहेत. दोन कोपरे गळतात आणि एक तर हातानं दाबला तरी उकलतो. नक्की कुठे चुकतंय?

विरार_फास्ट
पत्रा साफ केला नसणार. झाळायच्या आधी पॉलिश पेपरनं चांगला घासायचा, चकाकी येईपर्यंत. मग कुठलाही डाख धरतो. तरी नाही धरला तर गॅसच्या टॉर्चनं तापवा, २५ वॅटनं काय होणार.

पेटीमास्तर
विरार, निम्मं बरोबर आहे. २५ वॅट कमी पडतात हे खरंच. पण टिनचा पत्रा पॉलिश पेपरनं घासायचा नाही. हा पोलादी पत्रा असतो आणि वर कथिलाचा अगदी पातळ थर असतो, काही मायक्रॉनांपेक्षा कमी. राळेच्या फ्लक्सवर डाख धरतो तो या कथिलामुळेच. चार वेळा घासलंत की कथील गेलं, खालचं पोलाद उघडं पडलं, आणि पोलादावर राळ चालत नाही. तेलाच्या डब्याचा पत्रा असेल तर गरम पाणी आणि भांडी घासायच्या पावडरीनं तेलकटपणा काढायचा, कोरडा करायचा, शेवटी चिंधीवर स्पिरिट घेऊन पुसायचा, एवढं पुरतं. छापील बाजूवरचा रंग आणि आतलं वॉर्निश मात्र जोडाच्या पट्ट्यापुरतं जावंच लागतं. ते थिनरनं किंवा पातीच्या सपाट कडेनं हलकं खरवडून काढा.

टॉर्च तर नकोच. ०.३ मिमीचा पत्रा काही सेकंदांत वाकडा होतो, कथील वितळून थेंब धरतं आणि पिवळं-निळं पडतं. अशा ठिकाणी पुन्हा डाख धरवणं फार कठीण.

आता मूळ प्रश्न. खटपट्या, तुमची चूक झाळण्याच्या आधीची आहे. टोकाला टोक लावलेल्या जोडात डाखाला धरायला फक्त पत्र्याची जाडी मिळते, म्हणजे ०.३ मिमी, आणि तीही कापलेली कड, जिथे कथीलच नाही. डाख मुळात मऊ. सगळा भार त्याच्यावर टाकला की तो उकलणारच. भार घडीनं घ्यायचा असतो, डाखानं फक्त फट बुजवायची.

मीनाक्षी_कुं
माझं थोडं वेगळं आहे. रेडिओच्या बोर्डवर सोल्डर नीट बसत नाही, तिथेही २५ वॅट कमीच का? लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं नवीन आयर्न आहे.

पेटीमास्तर
मीनाक्षीताई, बोर्डसाठी २५ वॅट बरोबर आहेत, तुमचं टोक काळं पडलं असेल तर ते आधी कल्हई करून घ्या. पण हा पत्र्याचा धागा आहे. बोर्डावरची तांब्याची टिकली इवलीशी असते, इथे उष्णता सगळ्या पत्र्यात पसरत जाते. बोर्डासाठी वेगळा धागा काढा.

गोरेगाव_वर्कशॉप
मास्तर, मग या मापाचा डबा घडीत कसा बसवायचा ते आकड्यांनिशी सांगा ना. पट्टी किती कापायची इथेच सगळे अडकतात.

पेटीमास्तर
सांगतो. दोन तुकडे करायचे: चारी भिंतींची एक पट्टी, आणि एक उथळ तळ जो भिंतींच्या बाहेरून बसेल.

पट्टीची लांबी म्हणजे परिमिती ४०० अधिक जोडाची भर. पट्टीची दोन टोकं एकमेकांत अडकवायची म्हणजे लॉक सीम. घडीची रुंदी ५ मिमी धरली तर भर तिप्पट, १५ मिमी. एका टोकाची घडी ५, दुसऱ्याची ५, आणि दोन्ही अडकल्यावर एकावर एक येणारे आणखी ५. लोक दोनच घड्या मोजतात आणि डबा ५ मिमीनं लहान होतो. तर पट्टी ४१५ लांब.

सीम कोपऱ्यावर घेऊ नका, लांब बाजूच्या मधोमध घ्या. डाव्या कडेपासून कोपऱ्यांच्या रेषा ६७.५, १४७.५, २६७.५ आणि ३४७.५ मिमीवर. प्रत्येक टोकाकडे घडीची रेषा कडेपासून ५ मिमीवर. एक टोक वर वळवायचं, दुसरं खाली, तरच ती एकमेकांत अडकतात. दोन्ही एकाच दिशेला वळवल्या तर पट्टी वाया जाते.

उंची ६० अधिक वरच्या काठाची दुमड ५, म्हणजे ६५. ही दुमड बाहेरच्या बाजूला. ती नसेल तर काठ हाताला लागतो आणि भिंत लवचीक राहते.

एक गोष्ट सगळ्यात आधी, सपाट पट्टीवरच करायची. अडकवलेली सीम म्हणजे एकावर एक चार पदर, सव्वा मिमीपर्यंत जाड. त्यावरून तळाची कड चढवायला गेलात तर तिथे तळ फुगतो आणि नेमका तिथेच गळतो. म्हणून पट्टीच्या दोन्ही टोकांना, वरच्या आणि खालच्या भागात घडीची ५ मिमीची पट्टी कापून टाकायची. तिथे सीम नुसती एकावर एक राहते, दोनच पदर. खालून ७ मिमी कापा, वरून ६.

गोरेगाव_वर्कशॉप
वरून ६ चुकतंय बहुतेक. दुमड बाहेर वळली की ती भिंतीवर आणखी ५ मिमी खाली येते. म्हणजे कच्च्या कडेपासून निदान ११ हवेत, नाहीतर दुमड सीमवर चढेल.

पेटीमास्तर
बरोबर, माझी चूक. वरून ११. आणि एका टोकाची दुमडीची पट्टी आणखी ५ मिमी मागे कापा, म्हणजे दुमड दुमडीवर न चढता टोकाला टोक भिडेल.

वळवायचा क्रम असा. आधी वरची दुमड. ती वळवण्याआधी दुमडीच्या पट्टीत, चारही कोपऱ्यांच्या रेषांवर, कडेपासून घडीपर्यंत एक सरळ चीर द्या. बाहेरची दुमड कोपऱ्यावर ताणली जाते, चीर थोडी उघडते आणि कोपरा स्वच्छ बसतो. मग दोन टोकांच्या घड्या. या घड्या पूर्ण दाबू नका, आत त्याच पत्र्याचा तुकडा घालून मोगरीनं ठोका. दाबून टाकलेल्या घडीत समोरची घडी शिरत नाही, आणि पुन्हा उघडायला गेलात की कथील तडकतं. शेवटी चार कोपरे. वळवायला दोन लोखंडी अँगल व्हाइसमध्ये धरून त्यांत पत्रा पकडला की पुरे. हातोडी नको, लाकडी मोगरी. हातोडीच्या खुणा पत्र्यावर कायमच्या राहतात आणि पत्रा तिथे ताणून लाटा येतात.

आता टोकं अडकवा, आत सरळ धारेचा लाकडी ठोकळा किंवा चौकोनी सळई घाला आणि सीमवर मोगरी मारा. आधी दोन्ही शेवट, मग मधला भाग.

खटपट्या_गिरगाव
आणि तळ? क्रॉस कापला तेव्हा कोपऱ्याला भोक राहिलं होतं, तेच गळत असावं.

पेटीमास्तर
तेच. तळाची कड ६ मिमी वर वळवायची. आतलं माप डब्यापेक्षा अर्धा मिमी मोठं, म्हणजे १२०.५ बाय ८०.५. म्हणून तुकडा १३२.५ बाय ९२.५ कापा. चारही कोपऱ्यांतून ६ बाय ६ चा चौकोन काढायचा, पण दोन्ही चिरा घडीच्या रेषा जिथे छेदतात तिथून अर्धा मिमी आधी थांबवा. कातरीचं टोक त्या बिंदूपलीकडे गेलं की घडीच्या मुळाशी टाचणीएवढं भोक उरतं. डाख ते वरवर झाकतो, पण थंड झाल्यावर आक्रसतो आणि भोक पुन्हा दिसतं. कातर नेमकी तिथे थांबवायला शेवटचा काप पात्याच्या टोकानं घ्या, टोक थांबायच्या जागेवरच ठेवून.

अर्ध्या मिमीची सैलाई मुद्दाम ठेवली आहे. तळ फारच घट्ट बसला तर डाखाला आत ओढून घ्यायला फटच राहत नाही. फार सैल असला तर डाख खाली ओघळून जातो. बोटानं दाबल्यावर तळ बसावा आणि उलटा केला तर पडू नये, एवढं.

कुलाबा_काका
फ्लक्सबद्दल कोणी बोललंच नाही. पत्र्याला राळ वगैरे नको. मारलेलं तेजाब वापरा. मिठाच्या आम्लात जस्ताचे तुकडे टाकायचे, बुडबुडे थांबून थोडं जस्त शिल्लक राहिलं की झालं. उघड्या हवेत करा, जवळपास पेटती काडी नको, कारण निघतो तो हायड्रोजन. पाण्यानं अर्धं पातळ करा आणि ब्रशनं लावा. कापलेल्या कडेवरही डाख धरतो, राळेला ते जमत नाही.

गोरेगाव_वर्कशॉप
काका, धरण्याबद्दल सहमत. पण लॉक सीमच्या आत गेलेलं तेजाब बाहेर कसं काढणार? झिंक क्लोराइड हवेतला ओलावा ओढतं. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते कोरडं होतच नाही. घडीच्या आतून तपकिरी रेघ बाहेर येते आणि सीम आतून खाल्ली जाते. बाहेरून डबा छान दिसतो.

कुलाबा_काका
झाळून झाल्यावर लगेच, डबा कोमट असतानाच, धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानं घासायचा, मग साध्या गरम पाण्यानं दोनदा, मग उन्हात. जिथे डाख पूर्ण आत शिरला तिथे फ्लक्सला जागाच राहत नाही.

गोरेगाव_वर्कशॉप
"पूर्ण आत शिरला" हे आपल्याला कळणार कसं? सीममध्ये मी राळच वापरेन. दळलेली राळ स्पिरिटमध्ये, मधापेक्षा पातळ, ब्रशनं आतल्या घडीवर अडकवण्याआधीच लावायची. तेजाब फक्त तळाला, जिथे दोन्ही बाजूंनी धुता येतं.

पेटीमास्तर
या वादात दोन्ही बाजूंचे लोक अनेक वर्षं डबे करत आले आहेत. माझा कल गोरेगावकरांकडे, पण तेलाच्या डब्याचा पत्रा जुना, डागाळलेला असेल तर राळ दगा देते, हे काकांचंही खरं.

आयर्नबद्दल: विजेचं असेल तर निदान ८० ते १०० वॅट आणि रुंद छिनीसारखं टोक. शेगडीवर तापवायचं असेल तर तांब्याचं जड टोक, पाव किलो किंवा जास्त. पत्रेवाले त्याला कैया म्हणतात. नागदेवी स्ट्रीटवर दोन्ही मिळतात. शेगडीवर तांब्याभोवती ज्योत हिरवट दिसायला लागली की बाहेर काढा. लाल होऊ दिलंत तर टोकावरची कल्हई जळते आणि पुन्हा कानशीनं घासून नवसागराच्या वडीवर फिरवून कल्हई करावी लागते. नवसागराचा धूर पांढरा आणि बोचरा असतो, खिडकी उघडी ठेवा.

झाळायचं असं. तळाला आधी चार टाके, प्रत्येक बाजूच्या मधोमध एक, समोरासमोरच्या क्रमानं. एका कोपऱ्यातून सुरुवात करून गोल फिरत गेलात तर तळ गरम होऊन फुगतो आणि शेवटच्या कोपऱ्यात फट पडते. नंतर डबा सरळ उभा ठेवा, म्हणजे तळाच्या कडेची तोंडं वर असतील. आयर्नचा सपाट भाग बाहेरून कडेवर पूर्ण टेकवा आणि तार टोकावर नको, कडेच्या वरच्या तोंडाशी धरा. पत्रा पुरेसा तापला की डाख आपोआप फटीत खेचला जातो आणि कडेवर चकचकीत रेघ उमटते. ती रेघ दिसली की आयर्न हळू पुढे सरकवा, मागे येऊ नका. पूर्ण तळाला ८ ते १० ग्रॅम डाख पुरतो. त्याहून जास्त गेला तर तो फटीत नाही, वर बसलाय.

तळ करताना आधी झाळलेली उभी सीम सुटू शकते. तिच्यावर ओल्या चिंधीची घडी कपड्याच्या चिमट्यानं लावून ठेवा.

विरार_फास्ट
बघून कसं ओळखायचं डाख धरला की नाही?

पेटीमास्तर
धरलेल्या डाखाची कड पत्र्यात विरून जाते, कुठे संपला ते बोटाला लागत नाही. न धरलेल्याची कड गोल असते, पानावरच्या पाण्याच्या थेंबासारखी. खटपट्यांचे गोळे तसलेच: आयर्ननं डाख वितळला, पण पत्रा डाखाच्या वितळणतापमानाला पोचलाच नाही. डाख खरखरीत, मळकट दिसत असेल तर गार होताना हललाय. तिथे फ्लक्स लावून पुन्हा वितळवा, वरून आणखी भर घालू नका.

मालाड_मॅडम
मला पत्राच दगा देतो. चकचकीत आहे, चुंबक चिकटतं, साफही केला, तरी राळेवर डाख नुसता लोळतो.

पेटीमास्तर
चुंबकानं फक्त ॲल्युमिनियम बाजूला पडतं. तुमचा पत्रा कथिलाऐवजी क्रोमचा थर असलेला असू शकतो. डब्यांची झाकणं, बाटलीची बुचं अशा पत्र्याची असतात. त्याच्यावर राळ कधीच चालत नाही. त्या पत्र्याला मात्र विरार म्हणतात तसं जोडाच्या पट्ट्यात पोलादापर्यंत घासायचं आणि तेजाब वापरायचं. घासलेल्या जागी गंज लवकर येतो, रंग द्या. ओळखायचं तर कोपऱ्यावर एक थेंब डाख आणि राळ लावून बघा. कथील असेल तर थेंब दोन सेकंदांत पसरतो.

मालाड_मॅडम
झाकणच होतं. आता कळलं.

कुलाबा_काका
एक लक्षात ठेवा, असा डबा खाण्याच्या कामाला नको. ६०/४० मध्ये शिसं आहे. झाळून झाल्यावर हात धुऊनच चहाला बसा.

खटपट्या_गिरगाव
नवीन पट्टी ४१५ ची कापून केला. सीममध्ये राळ, तळाला तेजाब, ८० वॅट. पाणी भरून रात्रभर ठेवलं, बाहेर एक थेंब नाही. टर्पेंटाइन भरलं तर तासाभरात सीमच्या खालच्या टोकाशी ओलं. पाणी थांबतं आणि टर्पेंटाइन गळतं, हे कसं?

गोरेगाव_वर्कशॉप
राळ! सीममध्ये राळ राहिली आहे. पाण्यात ती विरघळत नाही, म्हणून बुचासारखी बसली. टर्पेंटाइनमध्ये ती विरघळते. तुमचं भोक पहिल्या दिवसापासून होतं.

पेटीमास्तर
हो, तेच. म्हणून असल्या डब्याची परीक्षा पाण्यानं करायचीच नाही. आधी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या ब्रशनं सगळे जोड आतून-बाहेरून धुवा, राळ निघेपर्यंत. मग बाहेरच्या जोडांवर खडूची पूड पाण्यात कालवून लावा, वाळू द्या, आणि आत दोन बोटं रॉकेल घाला. जिथे खडू काळपट होईल तिथेच भोक, सूतभरही इकडेतिकडे नाही. पेन्सिलनं खूण करा.

भोक सीमच्या खालच्या टोकाशी असेल तर घडी कापलेली जागा बघा. चार पदरांवरून दोन पदरांवर येताना पायरी असते आणि तिथे डाख दोन्हीकडून ओढला जाऊन मध्ये रिकामं राहतं. रॉकेल पूर्ण पुसून, उडून गेल्यावरच आयर्न जवळ आणा. टर्पेंटाइनचं तर विचारूच नका, डबा उघडा ठेवून वास जाईपर्यंत थांबा. मग त्या पायरीवर तेजाबाचा एक थेंब, आतून आणि बाहेरून डाखाचा एकेक टिपका.

खटपट्या_गिरगाव
खडू लावला. दोन डाग पडले. एक पायरीवर, तुम्ही म्हणता तिथे. दुसरा उजव्या पुढच्या कोपऱ्यात, चौकोन कापलेल्या जागी. तिथे कातर थोडी जास्त गेली होती.

पेटीमास्तर
पायरीवर टिपका चालेल. कोपऱ्यात टिपक्यावर टिपका नको. त्याच पत्र्याचा ८ बाय ८ चा तुकडा काटकोनात वाकवा, दोन्हीकडून कल्हई करा आणि कोपऱ्यावर आतून बसवून झाळा. नंतर पुन्हा खडू आणि रॉकेल.

कुलाबा_काका
आणि ते तेजाब धुवा, आता पावसाळा आहे.

गोरेगाव_वर्कशॉप
राळेच्या बाजूनं माझं मत अजून तेच आहे, काका. फक्त टर्पेंटाइनच्या डब्यासाठी मात्र तुमच्याकडे वळलो, निदान सीमपुरता.